डोक्यावरचे ठिपके

डिसेंबरातला रविवार. सकाळी साडेनऊला भाच्याचा फोन आला, बारनवापारा अभयारण्यातून. आवाज तुटत होता, पण नेमके महत्त्वाचे शब्द पोहोचले: "मामा, रानपिंगळा!"

संध्याकाळी फोटो आला. वाळक्या फांदीवर ताठ बसलेला, आखूड मानेचा, गोल डोक्याचा एक तपकिरी गोळा. तोंड आमच्याकडे. डोळ्यांच्या जागी दोन फिकट डाग, त्यांच्या मध्ये पिवळसर ठिपका. त्याच फांदीच्या टोकाला एक बुलबुल, बहुधा घुबडाला हुसकवायला आलेला. दोघांच्याही कडा पाण्यात विरघळल्यासारख्या. घुबड आहे, लहान आहे, एवढे कोणीही सांगेल. त्यापुढे सांगायचे तर बसून काम करावे लागणार.

भाच्याचे म्हणणे सरळ होते. "डोकं बघ ना. एकही ठिपका नाही. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, तूच सांगितलंयस."

सांगितले होते खरे.

०

त्याला हा पक्षी दिसावा असे का वाटते, हे मला ठाऊक आहे. मलाही तीस वर्षे तेच वाटते आहे.

रायपूरहून सराईपालीच्या रस्त्याने निघाले की आरंग, पिथौरा मागे टाकल्यावर बसना लागते. आज ते महासमुंद जिल्ह्यातले रस्त्यावरचे गाव आहे. १८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट या माणसाने या बसना-फुलझरच्या भागात एक लहान घुबड मारले आणि कातडे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे पाठवले. ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत असलेले तेच. पक्षी हे त्यांचे पहिले वेड. त्यांनी १८७३ मध्ये ही नवी जात म्हणून प्रसिद्ध केली आणि ब्लेविटचे नाव तिला दिले. म्हणजे जगात रानपिंगळ्याची पहिली ओळख पटली ती आमच्या या मुलखातल्या पक्ष्यावरून. त्यानंतर १८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉलला एक खरियारकडे मिळाला, आणि मग जेम्स डेव्हिडसनने खानदेशात काही गोळा केले, शेवटचा १८८४ मध्ये. एकूण सात कातडी. पुढची ११३ वर्षे काही नाही.

बारनवापारा आणि बसना यांत फार अंतर नाही. तिथे एखादा उरलेला असेल, ही आशा त्यामुळे वेडगळ म्हणता येत नाही. पण आशेचा एक त्रास असतो: ती फोटो बघायच्या आधीच डोळ्यांत येऊन बसलेली असते.

०

स्पष्ट फोटोत काय दिसायला हवे, ते आधी लिहून ठेवतो. आमच्या भागात या मापाची, गोल डोक्याची तीन घुबडे विचारात घ्यावी लागतात.

साधा पिंगळा. वस्तीतला, आंब्या-वडाच्या ढोलीतला, संध्याकाळी चिर्रचिर्र भांडणारा. डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके, ठळक पांढऱ्या भुवया, मानेच्या मागून पांढरी पट्टी. पोट पांढुरके, पण त्यावर तपकिरी तुटक आडव्या रेघा थेट खालपर्यंत.

जंगली पिंगळा. साल-बांबूच्या रानातला. त्याला ठिपके नाहीत, सगळ्या अंगावर बारीक आडव्या रेघा, दाट. डोके गोल, भुवया नावापुरत्या. लांबून पाहिला तर सगळा एकाच रंगाचा.

रानपिंगळा. डोके आणि पाठ जवळजवळ कोरी, ठिपके असले तरी अगदी फिके. छातीचा वरचा भाग भरीव तपकिरी, आणि त्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, रेघ नसलेला. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठसठशीत पट्टे. डोके, चोच आणि नख्या शरीराच्या मानाने मोठ्या, पाय जाड पांढऱ्या पिसांनी झाकलेले.

मराठीत 'रान' आणि 'जंगली' यांत फरक नाही आणि हे दोन पक्षी मात्र अगदी वेगळे. नावांच्या या गोंधळातून कितीतरी चुकीच्या नोंदी होतात. इकडे छत्तीसगढीत तर तिघांनाही घुघवा म्हणून मोकळे होतात.

०

पहिले काम: मूळ फोटो मागवला. मला आलेला व्हॉट्सॲपवरून आलेला होता, आणि तिथे फोटो बारीक होऊन येतो. भाच्याला सांगितले, फोटो म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव, आणि त्या वेळी काढलेले सगळे पाठव, बिघडलेलेही.

तीन आले. पहिला तोच. दुसऱ्यात पक्ष्याने मान फिरवलेली, तो याहून धूसर. तिसऱ्यात फांदी रिकामी आणि एका कोपऱ्यात पंखाचा धुरकट फराटा. भाच्याने शेवटचे दोन आधी पाठवलेच नव्हते, 'खराब आहेत' म्हणून. खरे तर असे एका पक्ष्याचे तीन वाईट फोटो एका बऱ्या फोटोपेक्षा पुष्कळदा जास्त सांगतात, कारण पक्षी हललेला असतो आणि प्रत्येकात तो वेगळ्या बाजूने दिसतो.

मूळ फोटोवर फोनने स्वतःच केलेली करामतही तपासावी लागते. झूम करून काढलेल्या फोटोत फोन कडा उठावदार करतो. गडद आणि फिकट भाग जिथे भेटतात तिथे एक पांढरी किनार उमटते. ही किनार घुबडाच्या डोळ्यांवर आली तर भुवई वाटते. ओळखायची खूण अशी: तशीच पांढरी किनार फांदीच्या कडेलाही आहे का ते पाहावे. आमच्या फोटोत फांदीला अगदी पुसट होती, भुवया तिच्याहून कितीतरी जाड होत्या. म्हणजे भुवया पक्ष्याच्याच.

०

धूसरपणाही वाचता येतो. फोटो दोन कारणांनी बिघडतो. एक, फोकस चुकतो. तेव्हा प्रत्येक बिंदू गोल पसरतो. दोन, हात हलतो. तेव्हा प्रत्येक बिंदूची रेघ होते, हात हलला त्या दिशेने. कुठले झाले आहे हे कळायला फोटोत एखादा चकाकणारा बारीक ठिपका शोधावा. पानावरचा उन्हाचा कवडसा, कोळ्याच्या जाळ्यावरचे दव, काहीही.

शेजारच्या सागाच्या पानावर असा एक कवडसा सापडला. मोठा करून मोजला: ९ पिक्सेल उंच, ३ पिक्सेल रुंद. उभी रेघ. फोनचे बटण दाबताना हात खाली गेला.

यावरून पुढचे सगळे ठरते. हात वर-खाली हलला तर आडव्या रेघा एकमेकींत मिसळून जातात, उभ्या टिकतात. घुबड ताठ बसते तेव्हा त्याच्या पोटावरच्या रेघा आडव्या, शेपटीचे पट्टे आडवे, मानेची पट्टी आडवी. म्हणजे या तीन पिंगळ्यांना वेगळे करणाऱ्या बहुतेक बारीक खुणा नेमक्या त्या दिशेच्या, जी या फोटोत पुसली गेली आहे. हेच जर भाच्याचा हात डावी-उजवीकडे हलला असता तर पोटावरच्या रेघा कदाचित मोजता आल्या असत्या.

०

आकार. बुलबुल शेजारी बसला हे मोठे भाग्य, कारण एकट्या पक्ष्याच्या फोटोवरून आकार कधीही सांगता येत नाही. डोळ्याला वाटते ते सगळे पाठीमागच्या झाडीवर अवलंबून असते.

सलीम अलींनी १९४१ च्या त्यांच्या पुस्तकात आकार सांगायला चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार अशी ओळखीची मापे वापरली, त्याहून थोडा मोठा असेल तर अधिक, लहान असेल तर उणे. ते मला आजही सेंटिमीटरपेक्षा जवळचे वाटते. रानात पट्टी नसते, पण साळुंकी कुठेही असते. पण इथे फोटो आहे आणि तुलनेचा पक्षी त्याच फांदीवर, कॅमेऱ्यापासून साधारण सारख्याच अंतरावर. म्हणून मोजून पाहिले.

बुलबुल चोचीपासून शेपटीपर्यंत ११६ पिक्सेल. लालबुड्या बुलबुलाची लांबी सुमारे २० सेंटिमीटर धरली तर एका सेंटिमीटरला जवळजवळ ६ पिक्सेल. घुबड १२४ पिक्सेल. म्हणजे २१ सेंटिमीटरच्या जरा वर. पुस्तकात साधा पिंगळा २१, जंगली २०, रानपिंगळा २३. भाचा लगेच खट्टू झाला. पण त्याला म्हटले, थांब, ही खात्री खोटी आहे.

कडा विरलेल्या आहेत. बुलबुलाची टोके कुठे संपतात हे मी आठ पिक्सेल इकडे-तिकडे सांगू शकतो, घुबडाचेही तसेच. बुलबुल १०८ ते १२४ मध्ये कुठेही, घुबड ११६ ते १३२ मध्ये कुठेही. सगळ्यांत लहान उत्तर १९ च्या जरा खाली, सगळ्यांत मोठे २४ च्या जरा वर. तिघेही त्यात बसतात. शिवाय पुस्तकातली लांबी आडव्या ताणून ठेवलेल्या पक्ष्याची असते, आणि घुबड अंग चोरून बसलेले.

मग मोजमापाचा उपयोग काय? मोठी घुबडे कटाप झाली. तिसेक सेंटिमीटरची इतर जी घुबडे या रानात असतात ती आता विचारात घ्यायला नकोत. आकार दारातून कोणाला आत सोडायचे ते सांगतो. आतल्या तिघांतून निवड त्याच्याने होत नाही.

त्याच हिशोबाची दुसरी बाजू जास्त कामाची निघाली. सहा पिक्सेलला एक सेंटिमीटर, आणि हात हलला ९ पिक्सेल. म्हणजे उभ्या दिशेने दीड सेंटिमीटरपेक्षा बारीक असे जे काही पक्ष्यावर होते ते सगळे या फोटोत एकमेकांत कालवले गेले. आडव्या दिशेने अर्धा सेंटिमीटर. हा आकडा कागदावर मोठा करून लिहिला आणि फोटोशेजारी ठेवला. जी खूण याहून लहान, तिच्याबद्दल हा फोटो बोलू शकत नाही.

०

चोच. घुबडाची चोच समोरून पाहिली तर तोंडाच्या पिसांत बुडालेला एक पिवळा थेंब. रानपिंगळ्याची चोच मोठी असते हे खरे, पण फिकट गोष्ट गडद भागात पसरते, धूसर फोटोत प्रत्येक घुबडाची चोच मोठीच दिसते. इथे ती फक्त हे घुबड आहे एवढेच सांगते. सोडून दिली.

याच्या उलट एक उदाहरण लिहून ठेवावेसे वाटते, जिथे चोच एकटी निकाल देते. शिक्रा आणि पावशा. गेल्या जूनमध्ये शेजारच्या वहिनींनी गच्चीवरून काढलेला फोटो दाखवला होता, विजेच्या तारेवरचा. दोघेही कबुतराच्या आसपासचे, दोघेही वरून राखी, खालून तांबूस आडव्या रेघांचे, दोघांच्या शेपटीवर गडद पट्टे. पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, आणि शिक्र्यासारखे दिसणे त्याच्या कामी येत असावे. रंगावरून निवाडा करायला गेलो असतो तर पावशाने सातभाईंना फसवावे तसे मलाही फसवले असते.

पण त्या फोटोत पक्षी बाजूने होता. शिक्र्याची चोच बुंध्यापासूनच खाली वळते, आखूड असते, डोक्याच्या गोलाईतून जेमतेम बाहेर येते. पावशाची चोच पुढे निघते, बरीच सरळ, टोकाला किंचित झुकलेली. धूसरपणा शिक्र्याच्या चोचीचे टोक बोथट करतो, पण चोच लांब करू शकत नाही. त्या फोटोतली चोच डोक्याबाहेर स्पष्ट आलेली होती. बसणेही आडवे, पंख सैल लोंबते. शिक्रा उभा बसतो, लांब पिवळ्या पायांवर. वहिनींना म्हटले, दोन दिवस पहाटे कान द्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितले, "पेरते व्हा, पेरते व्हा चाललंय हो गच्चीवर."

तिथे चोचीने काम केले कारण फरक मोठा होता आणि पक्षी बाजूने बसला होता. दोन्हींपैकी एक नसते तर केले नसते.

०

आता डोक्यावरचे ठिपके.

भाच्याचा सगळा दावा त्यावर उभा होता. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावरचे ठिपके दोन-तीन मिलिमीटरचे असतील. या फोटोत एक पिक्सेल म्हणजे पावणेदोन मिलिमीटर, आणि वर तो हललेला. ठिपके असते तरी दिसले नसते. म्हणजे 'ठिपके दिसत नाहीत' हे वाक्य पक्ष्याबद्दल काहीच सांगत नाही, ते फोटोबद्दल आहे.

हे त्याला समजले, पण पटले नाही. तोंडी सांगून असे काही पटतही नाही. म्हणून चौबे कॉलनीतल्या आमच्या अंगणातल्या निंबावर बसणाऱ्या जोडीचा गेल्या वर्षीचा एक चांगला फोटो काढला. डोक्यावरचा एकेक ठिपका मोजता येईल असा. संगणकावर तो इतका लहान केला की पक्षी १२४ पिक्सेलचा झाला. मग वर-खाली ९ पिक्सेलचा फराटा दिला, कवडशाएवढाच. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात आणि फोटो हाताळायच्या कुठल्याही साध्या प्रोग्रॅमवर होते.

रविवारी तो जेवायला आला तेव्हा दोन्ही फोटो शेजारी ठेवले, कुठला कोणता न सांगता. विचारले, यातला रानपिंगळा कुठला? त्याने बराच वेळ पाहिले आणि निंबावरच्याकडे बोट केले. "याचं डोकं जास्त कोरं आहे."

तो खूप वेळ काही बोलला नाही. मीही बोललो नाही. मला स्वतःला तो फोटो पाहताना धक्का बसला होता. धूसरपणा साध्या पक्ष्याच्या खुणा नुसत्या झाकत नाही. ठिपके पुसून तो त्याचा दुर्मीळ पक्षी बनवतो. रानपिंगळ्याची पुस्तकात दिलेली पहिली खूण 'डोके कोरे' ही आहे, आणि कुठलाही वाईट फोटो ती खूण फुकट देतो.

तेव्हापासून वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवले आहे: जी खूण धूसरपणा पुसू शकतो, ती दिसली तर मोजावी, दिसली नाही तर मोजू नये.

०

मग उरले काय? दीड सेंटिमीटरपेक्षा मोठे भाग. तोंड, गळा, छाती, पोट.

रानपिंगळ्याच्या पोटाचा मधला भाग पांढरा. पांढऱ्यात पांढरे कितीही कालवा, पांढरेच राहते. साध्या पिंगळ्याच्या पोटावर पांढऱ्यात तपकिरी रेघा; त्या कालवल्या की दुधात चहा पडल्यासारखा मळकट रंग होतो. रेघा दिसणार नाहीत, पण त्यांचा रंग पोटात उतरलेला असणार. म्हणजे धूसर फोटोतही या दोघांत फरक उरतो. फक्त तो रेघांचा न राहता पांढरेपणाचा होतो.

पांढरे किती पांढरे हे ठरवायला त्याच फोटोतले दुसरे पांढरे हवे. ते पक्ष्याच्या गळ्यावर होतेच. या पिंगळ्यांचा गळा पांढरा असतो. फोटोच्या प्रोग्रॅममध्ये रंग टिपायची नळी असते, तिने जिथे टिपू तिथला उजेड ० ते २५५ मध्ये कळतो. गळ्यावर पाच-सहा ठिकाणी टिपले: सुमारे २१५. पोटाच्या मध्यावर: १६५ ते १७०. बराच फरक.

पण पोट सावलीत असेल तर? कुठलाही पक्षी खालून अंधारा दिसतोच. हा आक्षेप मीच घेतला आणि त्यावर एक संध्याकाळ घातली. ऊन डावीकडून, खालच्या कोनातून येत होते, सकाळचे साडेआठ-नऊ. आणि पोटाच्याही खाली, पायांवरची पांढुरकी पिसे २०० च्या वर होती. पाय उजेडात आणि त्यांच्या वरचे पोट तेवढे सावलीत, असे होत नाही. पोट खरोखरच मळकट होते.

आणखी एक. रानपिंगळ्यात भरीव तपकिरी छाती संपून पांढरे पोट सुरू होते तिथे पायरी असते. फराटा तिला सौम्य करेल, पण दीड सेंटिमीटरच्या आत ती उतरायलाच हवी. आमच्या पक्ष्यात वरून खाली हळूहळू फिके होत गेलेले, पायरी कुठेच नाही.

उलटी चूकही होते, ती नोंदवतो. भर दुपारी काढलेल्या फोटोत गळा आणि पोट दोन्ही उन्हाने जळून २५५ होतात. तेव्हा साध्या पिंगळ्याचे पोटही स्वच्छ पांढरे दिसते. असा फोटो असेल तर ही सगळी पद्धत बाजूला ठेवावी.

०

जंगली पिंगळ्याचा प्रश्न सोपा होता. त्याच्या तोंडावर इतका पांढऱ्या-तपकिरीचा विरोध नसतो. दाट बारीक रेघा कालवल्या की तो सगळा एकसारखा तपकिरी व्हायला हवा. इथे भुवया आणि गळा लख्ख वेगळे. तो गेला.

०

भाच्याला १९९७ ची गोष्ट सांगितली, कारण त्याला वाटत होते मी त्याचा पक्षी हिरावून घेतोय.

पामेला रासमुसेन संग्रहालयात काम करणाऱ्या पक्षिशास्त्रज्ञ. शोधायला निघायच्या आधी त्यांनी रानपिंगळ्याची जुनी कातडी बारकाईने पाहिली होती, साध्या पिंगळ्याच्या कातड्यांशेजारी ठेवून. त्यातून दोन गोष्टी झाल्या. एक, रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीला मिळवला म्हणून सांगितलेला पक्षी बनावट निघाला: डेव्हिडसनचाच जुना नमुना, चोरून, नवी चिठ्ठी लावलेला. दोन, मधल्या काळात रानपिंगळा म्हणून पुढे आलेले फोटो तपासले तर ते साध्या पिंगळ्याचे होते.

मग त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले. पूर्वेकडच्या जुन्या जागा, म्हणजे आमच्याकडच्या, आधी पाहिल्या. काही मिळाले नाही. नंतर खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर तो बसलेला दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. त्यांना ओळखायला वेळ लागला नाही, कारण काय बघायचे ते त्यांच्याकडे आधीच ठरलेले होते: कोरे डोके, भरीव छाती, पांढरे पोट, जाड पांढरे पाय, पट्ट्यांची शेपटी. एक खूण नव्हे, सगळ्या, एकाच पक्ष्यावर, चांगल्या उजेडात. आणि त्यांनी त्याचे चित्रीकरणही केले.

त्यानंतर मेळघाट, तोरणमाळ, यावल, मध्य प्रदेशातले खंडव्याकडचे जंगल, ठाण्याचे तानसा, असा तो सापडत गेला. २०१८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' या जरा बऱ्या यादीत हलवले.

भाचा म्हणाला, "म्हणजे इथेही असू शकतो."

असू शकतो. म्हणूनच या फोटोवर त्याचे नाव लिहायचे नाही. चुकीची एक नोंद झाली की नंतर येणारा माणूस त्याच झाडापाशी येऊन हिवाळा घालवतो.

०

दुसरा फोटो, मान फिरवलेला, मी दोन आठवडे बाजूला ठेवला होता. काल रात्री पुन्हा उघडला. मानेच्या मागे, डोके आणि पाठ यांच्या मध्ये एक फिकट पट्टा. अगदी पुसट. आधी वाटले, फोनची किनार. पण फांदीला तशी किनार नव्हती, आणि पट्टा पक्ष्याच्या कडेवर नसून आत होता.

मानेमागची पांढरी पट्टी साध्या पिंगळ्याची. ती अरुंद असते, आडवी असते, आणि हा फराटा आडव्या गोष्टी पुसणारा. तरीही ती उरली. म्हणजे मुळात चांगली ठळक असणार. पुसला जाण्याजोगा असूनही टिकलेला पुरावा, म्हणून हा मी पोटाच्या मळकट रंगापेक्षाही वर ठेवतो.

भाच्याला रात्रीच कळवले. त्याचे उत्तर सकाळी आले: "मी पण बघितला काल तो. तुला सांगायचं नव्हतं."

०

ईबर्डवरच्या त्या दिवसाच्या यादीत त्याने बदल केला. 'रानपिंगळा' काढून आधी `owl sp.` टाकले होते, म्हणजे 'कुठलेतरी घुबड'. आता 'पिंगळा' केले. शेरा मात्र स्वतःच्या शब्दांत लिहिला, मला न विचारता: मानेमागे फिकट पट्टी, पोट गळ्यापेक्षा मळकट, छाती-पोटात पायरी नाही, शेपटी दिसली नाही, डोक्यावरचे ठिपके या फोटोत ठरवता येत नाहीत. तिन्ही फोटो जोडले, रिकाम्या फांदीचाही.

शेऱ्यातले शेवटचे वाक्य चार वेळा वाचले मी.

०

जानेवारी. सराईपालीला लग्न होते. परतताना बसन्याला चहाला थांबलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेल्या धानाची खुंटे, लांबवर मोहाची सुटी झाडे. ब्लेविटच्या वेळचे रान कुठून कुठवर असेल याचा अंदाज येत नाही.

टपरीमागच्या वडावर साळुंक्यांचा गलका चालला होता. भाचा चहा तसाच ठेवून गेला. फांदीच्या बेचक्यात पिंगळा, अर्धवट डोळे मिटलेला, मान वळवून आमच्याकडे बघणारा. त्याने या वेळी कोपर खोडाला टेकवले, श्वास सोडला आणि मग बटण दाबले.

फोटो मोठा करून मला दाखवला. डोक्यावरचे ठिपके लख्ख, कपाळावर बारीक, मागे मोठे होत गेलेले.

"चहा गार झाला तुझा," मी म्हटले. तो अजून वर बघत होता. ढोलीतून दुसरे डोके बाहेर आले होते.